ॲनाफिलॅक्सिस : तीव्र ॲलर्जीच्या झटक्यात रुग्णाला उभं का करू नये?

नागपूरपासून साधारण ६० किलोमीटरवर असलेल्या काटोल तालुक्यातली एक संत्र्याची बाग. समजा, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी तिथे काम करणाऱ्या चाळिशीतल्या एका माणसाच्या मानेला गांधीलमाशी चावते. एकच दंश. मागच्या वर्षीही त्याला अशीच माशी चावली होती, तेव्हा अंगभर गांधी उठल्या होत्या आणि दोन तासांनी ओसरल्या होत्या. त्यामुळे तो फारसा मनावर घेत नाही.

तीन मिनिटांनी त्याच्या तळहातांना खाज सुटते. सहाव्या मिनिटाला पोटात कळ येते आणि उलटी होते. आठव्या मिनिटाला तो म्हणतो, ‘काहीतरी बरोबर नाही, अंधारी येतेय.’ सोबतचे त्याला बांधावर आडवं करतात. तिथे पडल्यावर त्याला जरा बरं वाटतं. तोवर कुणीतरी मोटारसायकल आणतं. दोघं जण त्याला उचलून उभं करतात, पुढे एक, मागे एक आणि मध्ये तो, अशी दवाखान्याकडे निघायची तयारी होते. गाडीवर बसवल्याबरोबर त्याची मान एका बाजूला कलंडते.

हा प्रसंग नमुन्यादाखल आहे, पण यातली एकही पायरी काल्पनिक नाही. ॲलर्जीच्या या झटक्याला वैद्यकात ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हणतात. आणि या प्रसंगात सगळ्यात घातक ठरू शकतो तो क्षण माशी चावण्याचा नाही, तर आडव्या माणसाला उभं करण्याचा.

‘पित्त उठलं’ आणि ॲनाफिलॅक्सिस यात फरक काय?

अंगावर गांधी उठल्या की आपल्याकडे ‘पित्त उठलं’ म्हणतात. आमसुलाचं पाणी चोळलं जातं, फार तर ॲव्हिल किंवा सेट्रिझिनची गोळी घेतली जाते. नुसती त्वचेपुरती ॲलर्जी असेल तर एवढ्याने सहसा भागतं. ॲनाफिलॅक्सिसमध्ये मात्र तीच प्रतिक्रिया त्वचेच्या पलीकडे जाते आणि श्वासमार्ग, रक्ताभिसरण किंवा पचनसंस्थेवर हल्ला करते. तेही काही मिनिटांत.

शरीरात मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्या त्वचेत, श्वासनलिकांत, आतड्यांत आणि रक्तवाहिन्यांच्या आजूबाजूला पसरलेल्या असतात. त्यांच्या आत हिस्टामिन आणि इतर रसायनं साठवलेली असतात. एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या शरीरात तो पदार्थ शिरला, की या पेशी एकाच वेळी ठिकठिकाणी फुटल्यासारख्या रिकाम्या होतात. मग रक्तवाहिन्या सैल पडून रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपू लागतं, श्वासनलिका आवळल्या जातात, घशाला आणि जिभेला सूज येते.

ही सुरुवात करून देणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. औषधं, विशेषतः प्रतिजैविकं आणि वेदनाशामकं, मधमाशी, गांधीलमाशी यांचे दंश, आणि खाद्यपदार्थ. खाद्यपदार्थांत शेंगदाणे, काजू, कोळंबी, लहान मुलांत दूध व अंडं ही नावं नेहमी येतात. हरभऱ्याचीही ॲलर्जी काहींना असते. तर्री-पोह्यांच्या गावात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ओळखायचं कसं?

घरच्या माणसाला रक्तदाब मोजायला यंत्र लागत नाही. एकच प्रश्न विचारायचा असतो : त्रास त्वचेपुरता आहे, की त्वचेबाहेर गेला आहे?

त्वचेवर गांधी, लाली, खाज, ओठ-पापण्यांची सूज दिसते. त्याच्या जोडीला आवाज बसला, घसा आवळल्यासारखा वाटला, सतत खोकला लागला, छातीत घरघर सुरू झाली, तर श्वासमार्ग अडकतो आहे. चक्कर, अंधारी, गार घाम, नाडी भरभर पण क्षीण लागणं, लहान मूल अचानक लोळागोळा होणं, यांचा अर्थ रक्तदाब कोसळतो आहे. वारंवार उलट्या आणि पोटात जोराच्या कळा हेही लक्षण आहेच. माशीच्या दंशानंतर उलटी झाली तर ती ‘उन्हामुळे’ किंवा ‘घाबरल्यामुळे’ झाली असं समजून सोडून देऊ नये. अनेक रुग्ण सुरुवातीलाच ‘आता माझं काही खरं नाही’ असं म्हणतात. हेदेखील वैद्यकीय पुस्तकांत नोंदवलेलं लक्षण आहे.

इथे एक फसवी जागा आहे. साधारण दहातल्या एक-दोन रुग्णांच्या अंगावर सुरुवातीला काहीच दिसत नाही. ना गांधी, ना लाली. ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे हे आधीपासून माहीत आहे, तो पोटात किंवा अंगात गेला आणि काही मिनिटांत धाप लागली किंवा माणूस गळून पडला, तर त्वचा स्वच्छ असली तरी तो ॲनाफिलॅक्सिसच समजायचा.

इंजेक्शनच्या भीतीने येणारी साधी भोवळही अशीच दिसू शकते. तिच्यात नाडी बहुधा संथ होते, चेहरा पांढरा पडतो, अंगावर गांधी नसतात, श्वासाचा त्रास नसतो आणि आडवं केल्यावर माणूस मिनिटा-दोन मिनिटांत सावरतो. तरीही शंका राहिली, तर ॲनाफिलॅक्सिस समजून वागणं कमी धोक्याचं.

वेळ किती असतो?

ब्रिटनमधले डॉक्टर रिचर्ड पम्फ्री यांनी १९९२ पासून पुढच्या काही वर्षांत तिथे ॲनाफिलॅक्सिसने झालेल्या मृत्यूंच्या नोंदी एकेक करून तपासल्या. ज्यांचा जीव गेला, त्यांचं हृदय किंवा श्वास किती वेळात थांबला हे त्यांनी पाहिलं. मधली वेळ अशी निघाली : अन्नामुळे झटका आला असेल तर ३० मिनिटं, कीटकदंशामुळे १५ मिनिटं आणि रुग्णालयात टोचलेल्या औषधामुळे ५ मिनिटं.

काटोलच्या बागेतून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयापर्यंत पोहोचायला तासाहून जास्त लागतो. म्हणजे उपचार रुग्णापर्यंत यावा लागतो किंवा अगदी जवळ मिळावा लागतो. हा उपचार म्हणजे ॲड्रेनालिन.

ॲड्रेनालिनच का, गोळी का नाही?

ॲड्रेनालिन हे आपल्याच मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत तयार होणारं संप्रेरक आहे. ॲनाफिलॅक्सिसमध्ये जे जे बिघडतं, त्या प्रत्येकाला ते उलट दिशेने ढकलतं. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे रक्तदाब वर येतो आणि घशाची सूज उतरते. हृदयाचे ठोके जोरकस करतं. आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करतं. आणि मास्ट पेशींतून आणखी रसायनं बाहेर पडण्यालाही आळा घालतं.

ॲव्हिल, सेट्रिझिन ही औषधं फक्त हिस्टामिनला अडवतात. खाज आणि गांधी कमी होतात. कोसळलेला रक्तदाब वर येत नाही, अडकलेला घसा उघडत नाही. शिवाय पोटात गेलेल्या गोळीला काम सुरू करायला अर्धा तास तरी लागतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनला तर काही तास. ही औषधं वाईट नाहीत, पण ती आधी देऊन ‘बघू काय होतं’ म्हणत थांबणं हीच सर्वांत नेहमीची चूक आहे. खाज थांबते, सगळ्यांना हायसं वाटतं आणि आतमध्ये रक्तदाब घसरतच राहतो.

ॲड्रेनालिन टोचायची जागाही ठरलेली आहे : मांडीचा बाहेरच्या बाजूचा मधला भाग. तिथे मोठा, भरपूर रक्तपुरवठा असलेला स्नायू आहे. मुलांवर झालेल्या एका तुलनेत मांडीच्या स्नायूत टोचलेलं ॲड्रेनालिन रक्तात सरासरी ८ मिनिटांत सर्वोच्च पातळीला पोहोचलं. दंडाच्या त्वचेखाली टोचलेल्याला ३४ मिनिटं लागली. दंशाच्या रुग्णाकडे ३४ मिनिटं नसतात.

मात्रा वजनावर ठरते : किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेल्या नेहमीच्या ॲम्प्यूलमधलं अर्धा मिलिलिटर. हेच औषध शिरेतून एकदम दिलं तर हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून अशा वेळी स्नायूतच द्यायचं. पाच मिनिटांत फरक पडला नाही किंवा त्रास पुन्हा वाढला तर दुसरी मात्रा द्यावी लागते.

ऑटो-इंजेक्टर म्हणजे काय?

घाबरलेल्या माणसाला ॲम्प्यूल फोडणं, औषध ओढून घेणं, मात्रा मोजणं जमत नाही. त्यासाठी पेनासारखं एक साधन असतं. त्यात मोजलेलं औषध, स्प्रिंग आणि लपलेली सुई असते. मांडीवर दाबलं की सुई आपोआप स्नायूत शिरते. मूळ कल्पना लष्करी होती : विषारी वायूचा हल्ला झाल्यास सैनिकाला स्वतःला उतारा टोचून घेता यावा यासाठी असं साधन बनवलं गेलं. ॲलर्जीसाठीचं ‘एपिपेन’ अमेरिकेत १९८७ मध्ये मंजूर झालं. साधारण १५ ते ३० किलो वजनाच्या मुलांसाठी ०.१५ मिलिग्रॅमचं आणि त्याहून जास्त वजनासाठी ०.३ मिलिग्रॅमचं, असे त्याचे दोन आकार आहेत.

वापरण्याची पद्धत थोडक्यात अशी. एपिपेनला एका टोकाला निळं झाकण आणि दुसऱ्या टोकाला नारिंगी टोपी असते. रुग्ण आडवा असतानाच पेन मुठीत धरायचं, अंगठा कोणत्याही टोकावर ठेवायचा नाही. निळं झाकण सरळ ओढून काढायचं. नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला ठेवून ‘खट्’ आवाज येईपर्यंत जोरात दाबायचं आणि तीन सेकंद तसंच दाबून धरायचं. पँट किंवा सलवार काढायची गरज नाही, फक्त शिवण आणि खिशातलं पाकीट-मोबाइल टाळायचं. लहान मुलाचा पाय घट्ट धरून ठेवायचा, नाहीतर झटका देताना सुई ओरखडते. मग वेळ लिहून ठेवायची आणि १०८ ला फोन करून ‘ॲनाफिलॅक्सिस’ हा शब्द सांगायचा. इतर कंपन्यांच्या पेनांची झाकणं आणि धरून ठेवायचे सेकंद वेगळे असतात, म्हणून पेन हातात आल्याच्या दिवशीच त्यावरची सूचना वाचून ठेवावी.

यात सगळ्यात जास्त होणारी गडबड म्हणजे पेन उलटं धरणं. सुई मग मांडीऐवजी अंगठ्यात जाते आणि मात्रा वाया जाते. दुसरी गडबड नागपूरच्या उन्हाची. हे औषध साधारण २० ते २५ अंश तापमानात ठेवायचं असतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेल्यावर स्कूटरच्या डिकीत किंवा उभ्या गाडीत ठेवलेलं पेन खराब होतं. फ्रिजमध्येही ठेवायचं नसतं. पेनाच्या खिडकीतून औषध तपकिरी किंवा गढूळ दिसलं, तर ते बदलायचं.

पण हे साधन भारतात औषधांच्या दुकानात सहज मिळत नाही. परदेशातून येणारी कुटुंबं ते सोबत आणतात, काही जण महागात मागवतात. इथल्या बहुतेक रुग्णांचा आधार म्हणजे साधं ॲम्प्यूल आणि सिरिंज. ॲम्प्यूल स्वस्त असतं. तीव्र ॲलर्जीचा इतिहास असलेल्या माणसाने ॲलर्जीतज्ज्ञाकडून आपली मात्रा लिहून घेणं, घरातल्या एका-दोघांनी सिरिंज भरायला प्रत्यक्ष शिकणं आणि ॲम्प्यूलची मुदत तपासत राहणं, हा इथला व्यवहार्य मार्ग आहे. न शिकता, अंदाजाने मात्रा ओढणं मात्र धोक्याचं.

आडवं ठेवणं इतकं महत्त्वाचं का?

आता पुन्हा त्या बागेत. आडवा असताना बरा वाटणारा माणूस बसवल्याबरोबर का कोसळला?

ॲनाफिलॅक्सिसमध्ये रक्तवाहिन्यांच्या भिंती गळक्या होतात. तीव्र झटक्यात रक्तवाहिन्यांमधल्या द्रवाचा तब्बल एकतृतीयांश भाग दहा मिनिटांत बाहेर झिरपू शकतो. रक्त कुठे सांडलेलं दिसत नाही, पण वाहिन्यांत ते उरलेलं नसतं. जे उरतं, तेही सैल, रुंद झालेल्या वाहिन्यांत पसरलेलं असतं.

माणूस आडवा असतो तोवर पाय, पोट, छाती एकाच पातळीवर असतात आणि हे उरलेलं रक्त हृदयाकडे परत येत राहतं. त्याला उभं केलं किंवा पाय लोंबकळत बसवलं, की ते पायांत आणि पोटात उतरतं. निरोगी माणसाच्या रक्तवाहिन्या लगेच आवळून रक्त वर ढकलतात. याच्या वाहिन्यांना ते जमत नाही. हृदयाकडे येणारी मोठी नीला रिकामी होते. विहिरीत पाणीच नसेल तर मोटार कितीही जोरात फिरली तरी पाइपातून काही येत नाही. हृदय धडपडत राहतं, पण त्यात भरायला रक्त नसतं. मेंदूला रक्त मिळत नाही आणि हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांनाही नाही. काही सेकंदांत नाडी थांबते.

याच टप्प्यावर ॲड्रेनालिनही निरुपयोगी होतं. मांडीत टोचलेलं औषध हृदयापर्यंत न्यायला वाहतं रक्त लागतं. ते थांबलं की औषध मांडीतच राहतं.

पम्फ्री यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात रुग्णालयाबाहेर मरण पावलेल्या अशा दहा जणांचा उल्लेख आहे, ज्यांची शेवटच्या क्षणांतली शारीरिक स्थिती ठाऊक होती. त्यांतल्या चौघांचा मृत्यू उठून बसण्याशी किंवा उभं राहण्याशी जोडलेला होता. संख्या लहान आहे, पण यामागची यंत्रणा इतकी स्पष्ट होती की त्यानंतर उपचारांच्या सूचना बदलल्या. ऑस्ट्रेलियातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेच्या तक्त्यात रुग्णाला उभं राहू किंवा चालू देऊ नका, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनेही २०२३ मध्ये आडवं राहण्याची सूचना पुन्हा ठळक केली.

म्हणून नियम असा. रुग्णाला सपाट झोपवायचं आणि पायाखाली उशी, पोतं, जे मिळेल ते देऊन पाय थोडे वर ठेवायचे. धाप इतकी असेल की झोपवतच नाही, तर पाठीला टेकू देऊन बसवायचं, पण पाय जमिनीवर समोर पसरलेले हवेत, खुर्चीवरून लोंबकळते नकोत. गरोदर बाईला डाव्या कुशीवर. उलट्या होत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर. लहान मुलाला खांद्यावर उभं धरायचं नाही, मांडीवर किंवा हातांवर आडवं धरायचं. संडासला जायचं म्हणून उठू द्यायचं नाही. आणि इंजेक्शननंतर ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला तरी चालवायचं नाही. ॲड्रेनालिनचा असर काही मिनिटांपुरता असतो, गळती तोवर थांबलेली असेलच असं नाही.

मग त्या बागेत काय करायला हवं होतं?

दहा वाजून सोळा मिनिटांनी, खाजेनंतर उलटी झाली त्याच क्षणी, हा ॲनाफिलॅक्सिस आहे हे ठरलं होतं. तिथेच बांधावर आडवं करून, पाय टोपलीवर ठेवून, जवळ औषध असेल तर मांडीत टोचायचं. एकाने १०८ ला फोन लावायचा. गांधीलमाशी काटा सोडत नाही. मधमाशी असती तर अंगात राहिलेला काटा नखाने लगेच खरवडून काढायचा होता.

जवळ औषध नसेल तर जवळचं ठिकाण निवडायचं, मोठं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा काटोलचं ग्रामीण रुग्णालय ओलांडून थेट नागपूर गाठण्यात जीव जाऊ शकतो. लसीकरण जिथे होतं तिथे ॲनाफिलॅक्सिसचा संच ठेवायचा असतो : ॲड्रेनालिनची ॲम्प्यूल, लहान सिरिंज, एक इंचाच्या सुया. करोनाच्या लसीनंतर सगळ्यांना अर्धा तास बसवून ठेवत होते, ते याचसाठी. ८ मार्च २०२१ रोजी लस घेतलेल्या ६८ वर्षांच्या एका व्यक्तीचा मृत्यू ॲनाफिलॅक्सिसमुळे झाल्याचा निष्कर्ष केंद्रीय समितीने नंतर नोंदवला. त्याच अहवालात ॲनाफिलॅक्सिसचे आणखी दोन रुग्ण होते. ते रुग्णालयात उपचार मिळाल्यावर बरे झाले.

रुग्णवाहिकेला उशीर असेल आणि स्वतःच न्यावं लागलं, तर दुचाकी नको. मालवाहू गाडीच्या हौद्यात ताडपत्रीवर किंवा कारच्या मागच्या सीटवर आडवंच न्यायचं. गाडीपर्यंत चालवायचं नाही, चौघांनी चादरीत उचलून न्यायचं. आरोग्य केंद्राच्या दारातही स्ट्रेचर बाहेर मागवायचा. अनेकदा सगळं नीट पार पडतं आणि शेवटच्या दहा पावलांत घात होतो.

इंजेक्शननंतर माणूस पूर्ण सावरला, तरी काही तास रुग्णालयात थांबावं लागतं. काहींना पहिली लाट ओसरल्यावर पुन्हा कशाचाही संपर्क न येता दुसरी लाट येते. किती तास थांबायचं हे झटका किती तीव्र होता आणि किती मात्रा लागल्या, यावर डॉक्टर ठरवतात.

आणि त्या माणसाच्या बाबतीत खरी संधी तर एक वर्ष आधीच हुकली होती. एका दंशाने अंगभर गांधी उठल्या, त्या ओसरल्या, आणि विषय संपला. तेव्हा तो ॲलर्जीतज्ज्ञाकडे गेला असता, तर यंदा बागेत येताना त्याच्या पिशवीत एक ॲम्प्यूल आणि सिरिंज असती आणि ती भरायला शिकलेला एक सोबतीही.